जुना फोटो, आजची मी आणि चार ओळी: कॅप्शन जमत नाहीये, मदत करा

वेचणी
मंडळी, मामाच्या अल्बममधून माझा एक फोटो हाती लागला. शिरपूर तालुक्यातलं आमचं घर, आतल्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस, आणि त्या ढिगाऱ्यावर फ्रॉक आणि स्वेटर घालून बसलेली सात वर्षांची मी. आता मी कोइमतूरला सूतगिरणीच्या प्रयोगशाळेत कापूस तपासते. हा फोटो आणि आत्ताचा माझा ॲप्रनमधला फोटो शेजारी शेजारी टाकायचाय. खाली लिहिलेलं असं आहे:

"कुठे गेले ते दिवस! कापसाच्या डोंगरावरची ती छोटीशी राणी आज एसीत बसून काम करते, पण मन मात्र अजूनही त्याच पांढऱ्या ढिगाऱ्यात हरवलेलं आहे. बालपण, परत ये ना रे!"

भावाला पाठवलं तर त्याने फक्त हात जोडलेली खूण पाठवली. म्हणजे बिघडलंय. पण काय बिघडलंय ते कळत नाही. प्रेम तर खरंच आहे ना त्यात.

साक्रीची_सुमन
माय वं, डोयाम्हा पानी उनं. मला तर आवडलं. टाकून द्या.

केळीवाला_रावेर
छान धागा. माझाही असाच प्रश्न आहे. वडिलांबरोबर केळीच्या गाडीवर बसलेला फोटो आहे, पण पार लाल पडलाय. आभाळसुद्धा गुलाबी. हा लालपणा कसा काढायचा? शिवाय फोटो अल्बमच्या चिकट पानाला चिकटलाय, ओढला तर फाटेल.

रात्रपाळी
मी एका दैनिकात अठरा वर्षं फोटोओळी लिहिल्या, म्हणून बोलते. वेचणी, "राणी", "डोंगर", "हरवलेलं मन" हे सगळं तुमच्या फोटोत नाही. ते कुठल्याही फोटोखाली बसेल. माझ्या पाळण्यातल्या फोटोखालीही बसेल. प्रेम असेलच, पण वाचणाऱ्याला ते दिसत नाही, नुसतं सांगितलं जातं.

आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी एवढंच सांगायचो, फोटोत जे दिसतं ते लिहू नकोस, जे दिसत नाही ते लिही. ढीग दिसतोय, मुलगी दिसतेय. न दिसणारं कुठलं? फोटो कुणी काढला, का काढला, चौकटीच्या बाहेर कोण उभं होतं, तेवढा कापूस घरात का होता. याची उत्तरं आधी द्या. ओळी नंतर बघू.

टेक्नो_पाचोरा
इन्स्टाग्रामवर टाकणार असाल तर लक्षात ठेवा, कॅप्शनची पहिली 125 अक्षरंच दिसतात, बाकी झाकली जातात. त्यामुळे सगळं 125 अक्षरांत बसवा. आणि खाली हॅशटॅग भरपूर. "तेव्हा आणि आता" असं मोठ्या अक्षरात फोटोवरच लिहा, लोकांना पटकन कळतं.

रात्रपाळी
सगळं 125 मध्ये कोंबायची गरज नाही, 2,200 पर्यंत चालतं. पहिली ओळ तेवढी उघडी राहते हे बरोबर. पण मराठीत काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणून आपली 125 लवकर संपतात. वीसेक शब्द धरा. त्या वीस शब्दांत "कुठे गेले ते दिवस" लिहिलं तर ती जागा फुकट गेली. आणि फोटोवर "तेव्हा आणि आता" कशाला? दोन फोटो शेजारी दिसल्यावर बाळालाही कळतं.

जुनास्टुडिओ
अमळनेरला माझा पंचवीस वर्षं स्टुडिओ होता. आता मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो. असो.

केळीवाले, आधी तुमचं. रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगांचे थर असतात. त्या काळच्या बऱ्याच कागदांवर अल्बम बंद कपाटात असला तरी निळसर थर आधी मरतो, म्हणून उरतो तो लाल. फोनमधल्या एडिटिंगमध्ये लाल थोडा कमी करा, पण चेहऱ्याकडे बघत करा, आभाळाकडे बघत नको. आभाळ निळं करायला गेलात की वडील हिरवे होतील. चिकटलेला फोटो नखाने उचकटू नका. दातांत फिरवायचा बारीक दोरा मिळतो, तो फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. तरीही सुटला नाही तर पानासकट खिडकीजवळ नेऊन, ऊन अंगावर न घेता, फ्लॅश बंद करून फोन सरळ वर धरून काढा. प्लास्टिकची पट्टी मात्र आधी उचलायची, नाहीतर तुमचाच चेहरा त्यात दिसेल.

वेचणीताई, तुमचा फोटो चौकोनी दिसतोय. पस्तीस एमएमच्या रोलची प्रिंट चौरस येत नाही, चार बाय सहा किंवा त्याहून जरा लहान येते. कडा तुम्ही कापल्यात का?

वेचणी
हो. उजवीकडे भाऊ होता, त्याच्या अंगात चड्डी नाही. आणि डावीकडे कुणाचा तरी अर्धा हात आला होता, मनगटापर्यंतच, तो विचित्र दिसत होता. म्हणून दोन्ही काढले.

रात्रपाळी
हात परत आणा. भावाचं तो बघेल.

जुनास्टुडिओ
हात काय करतोय ते नीट सांगा.

वेचणी
कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख आहे, "1 1 87". हातात कापूस आहे. चिमटीत धरून तो... थांबा. तो धागा ओढून बघतोय. सरकीच्या दोन्ही बाजूंना तंतू विंचरून फुलपाखरासारखे पसरवतात आणि चिमटीत ओढून लांबी बघतात ना, तेच. मी याच कामाचा पगार घेते आणि हा हात मी कापून टाकला होता.

टेक्नो_पाचोरा
तारीख छापलेलीच आहे की, 1987 चा फोटो. "अडतीस वर्षांपूर्वी" अशी सुरुवात भारी होईल.

जुनास्टुडिओ
त्या तारखेवर कुणी विश्वास ठेवू नये. सेल बदलला की असे कॅमेरे पुन्हा पहिल्या तारखेवर जायचे आणि लोक ती लावायचेच नाहीत. माझ्याकडे धुवायला आलेल्या रोलांत अर्ध्या खान्देशाची लग्नं एक जानेवारीला लागलेली असायची.

वेचणी
बरोबर. मी जन्मलेच 1987 च्या डिसेंबरात. आणि भाऊ 92 चा, फोटोत दोन-अडीच वर्षांचा. अंगात स्वेटर. म्हणजे 1995 चा जानेवारी धरायला हरकत नाही. मामा सुरतला कामाला होता, त्याने संक्रांतीला येताना कॅमेरा आणला होता, हे आईलाही आठवतं.

आईला फोन केला आणि अर्धा तास गेला. तिच्याकडून जे कळलं ते असं. बाबा कापसाचा भाव वाढायची वाट बघत थांबले होते, म्हणून दसऱ्यापासून वेचलेला सगळा कापूस आत भरून ठेवलेला. आम्ही सगळे भर थंडीत पडवीत झोपायचो. त्या खोलीत चिमणी न्यायची नाही, काडी ओढायची नाही. आजोबा बिडीसाठी रस्त्यापलीकडे जाऊन बसायचे. आणि ढिगाऱ्यावर खेळायला तर सक्त मनाई, कारण कापूस मळला की भाव उतरतो. मी वर चढले म्हणून फोटोच्या पाच मिनिटं आधी आईने मला फटका दिला होता. मी राणीबिणी काही नव्हते. डोळे नीट पाहिले तर ओले दिसतात. इतकी वर्षं मला वाटायचं मी हसतेय.

साक्रीची_सुमन
आमच्या घरी पण असंच. खाजेने जीव जायचा रात्रभर. ते कुणी फोटोखाली लिहीत नाही.

रात्रपाळी
हेच लिहा सुमनताई म्हणतात ते. वेचणी, तुमची गोष्ट आता सुरू झाली. दुसऱ्या अर्ध्या भागाचंही असंच करा. "एसीत बसून काम करते" म्हणजे काय? ही पदवी झाली. एक दिवस सांगा, एक कृती सांगा. फोटोत हात एक काम करतोय, तर आजच्या ओळीतही कुणीतरी काहीतरी करायला हवं. मग "तेव्हा" आणि "आता" असे शब्द लागतच नाहीत.

वेचणी
काम सांगायचं तर, गाठीतून काढलेली रुई आधी चोवीस तास खोलीत मोकळी ठेवतो. तिथली हवा ठरलेल्या ओलाव्याची, 65 टक्क्यांची. कोरडा धागा तुटतो आणि लांबी कमी दिसते, म्हणून. मग एचव्हीआय मशिनमध्ये नमुना घालायचा. मशिन तंतूंचा झुपका धरून विंचरतं, मोजतं, आणि पडद्यावर आकडा येतो. 28.4, 29.1 असा, मिलिमीटरमध्ये. हात लावायचा प्रश्नच नाही. तरी मी प्रत्येक गाठीचा एक पुंजका चिमटीत ओढून बघतेच. सवय म्हणा. साहेब हसतात.

रात्रपाळी
साहेब हसतात ते ठेवू नका, चिमूट ठेवा. हात बाबांचा ना?

वेचणी
आई म्हणते बाबांचाच. आता बाबांना विचारते. त्यांना ऐकू कमी येतं, भावाला घरी जाऊन फोटो दाखवायला सांगितलंय.

वेचणी (दुसऱ्या दिवशी)
घोळ झाला. बाबा म्हणतात, तो हात माझा नाही. व्यापाऱ्याचा आहे. रात्री आला होता, धागा ओढला, "आखूड आहे" म्हणाला आणि भाव पाडून मागितला. बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवला. आई ऐकत नाही. म्हणते, चाळीस वर्षं त्या हाताला भाकरी वाढतेय, मला कळत नाही का.

आबा_धरणगाव
इथे एक शंका. 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस फेडरेशनच्या केंद्रावरच न्यायचा, खाजगी व्यापाऱ्याला विकायची बंदी. मी स्वतः बैलगाडी घेऊन दोन-दोन दिवस रांगेत झोपलोय. मग 1995 साली व्यापारी थेट घरात कसा? तुमची आई बरोबर असणार.

साक्रीची_सुमन
आबा, तुम्ही धरणगावचे म्हणून असं बोलता. शिरपूरहून सेंधवा किती लांब? सीमा ओलांडली की मध्य प्रदेश, तिथे जिन, आणि तिथे आपली योजना नाही. इकडे नवापूरकडून गुजरात. फेडरेशनचे पैसे उशिरा मिळायचे, गरज असली की लोक रात्री गाडी काढायचे. नाक्यावर काय व्हायचं ते तुम्हालाही माहीत आहे.

आबा_धरणगाव
माहीत आहे. म्हणूनच रात्री का, ते कळलं. पण हाताचा मालक काही कळला नाही.

वेचणी
आणि फ्लॅश का, तेही आता कळलं! मी समजत होते फोटो दुपारचा, खोली अंधारी म्हणून फ्लॅश. तो रात्रीचा होता. चिमणी न्यायला बंदी, मग मामाने काढला असेल तो उजेड एवढाच.

जुनास्टुडिओ
फ्लॅशमुळेच कापूस पांढराफटक आला असणार, एकही बोंड वेगळं दिसत नसेल. हात तपासायचा असेल तर फोनवर नको, स्कॅनरवर 600 डीपीआयला घ्या. जळगावात, शिरपुरात कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे होईल, फक्त "साध्या क्वालिटीत" करू नका म्हणून बजावा. बाबांच्या अंगठ्याला काही खूण आहे का?

वेचणी
आहे. कडबा कापायच्या यंत्रात डाव्या अंगठ्याचं नख गेलंय, पुन्हा वाकडंच उगवलं. भावाने स्कॅन करून पाठवलं. मी मोठं करून करून पाहिलं. माझा चेहरा स्वच्छ, फ्रॉकवरची फुलं मोजता येतात. हात मात्र धूसर, आणि अंगठा फ्लॅशने पांढरा झालाय.

जुनास्टुडिओ
मग नाही कळणार. साध्या कॅमेऱ्याला फोकस फिरवायची सोय नसते. चार-पाच फुटांच्या पुढचं नीट येतं, त्याच्या आतलं धूसर. हात मामाच्या अगदी जवळ होता. स्कॅन कितीही मोठं केलंत तरी जे फिल्मवर उतरलंच नाही ते येणार नाही. कुणी "साफ करून देतो" म्हणालं तर नको म्हणा, तो नख स्वतःच्या मनाने काढेल. सरळ किंवा वाकडं, त्याच्या लहरीवर.

टेक्नो_पाचोरा
मग सोपं आहे, "बाबांचा हात" असंच लिहा. भावना महत्त्वाची. कोण तपासणार?

रात्रपाळी
आई तपासेल, बाबा तपासतील. आणि उगाच का? भांडण हीच चांगली ओळ आहे. नवरा म्हणतो माझा हात नाही, बायको म्हणते तुमचाच. एवढं लिहिल्यावर त्या घरावर तुमचं प्रेम आहे हे वेगळं सांगायची गरज उरते का? पहिल्या वीस शब्दांत तेच घाला.

मात्र बाबांना विचारून. एकाधिकाराच्या काळात व्यापारी घरात आला होता, हे चारचौघांत जाणार आहे.

वेचणी
विचारलं. म्हणाले, टाक, सौदा कुठे झाला होता? आणि भावाची अट अशी की उजवी बाजू कापायचीच. त्याच्या बायकोने आत्ताच पाहिलाय फोटो, आणखी कुणी पाहायला नको.

हा नवा मसुदा:

"हा हात आईच्या मते बाबांचा, बाबांच्या मते व्यापाऱ्याचा.
जानेवारी 1995, शिरपूर. घरात कापूस होता म्हणून आम्ही पडवीत झोपायचो. आत दिवा न्यायला बंदी, म्हणून हा उजेड मामाच्या फ्लॅशचा. ढिगाऱ्यावर चढले म्हणून आईने नुकतंच मारलंय. हाताने धागा ओढून पाहिला, आखूड म्हणाला आणि निघून गेला. की गेला नाही, ते ठरलेलं नाही.
आता कोइमतूरला मशिन धागा ओढतं आणि मी आकडा लिहिते. मंगळवारी आपल्याकडची गाठ आली. चिमटीत ओढून पाहिली, मग मशिनला दिली. 28.9.
बाबांना फोन केला. ते म्हणाले, 'मंग आखूड कसा व्हता?'
किती साधी होती ती माणसं!"

रात्रपाळी
शेवटची ओळ उडवा. बाबा बोलल्यावर तुम्ही बोलू नका. "की गेला नाही, ते ठरलेलं नाही" हेही काढा, पहिल्या ओळीत ते येऊन गेलंय. आणि "हाताने आखूड म्हणाला" असं झालंय, हात बोलत नाही. "धागा ओढून पाहिला गेला आणि आखूड ठरला", असं काही. कुणी ठरवला ते सांगूच नका. बाकी एका शब्दाला हात लावणार नाही. "आईने नुकतंच मारलंय" यातला वर्तमानकाळ तर मुळीच बदलू नका.

आबा_धरणगाव
माझी तक्रार वेगळी आहे. तुमच्या वडिलांनी तेव्हा काय लावलं होतं? एच-4 असेल किंवा दुसरं काही. आज येते ती गाठ बीटी वाणाची, जी आपल्याकडे 2002 नंतर आली. आजच्या 28.9 वरून 1995 चा धागा लांब होता असं सिद्ध होत नाही. वाचणाऱ्याला वाटेल व्यापारी खोटा बोलला.

वेचणी
आबा, सिद्ध काहीच होत नाही, मान्य. त्यात गाठीत वीस शेतकऱ्यांचा कापूस मिसळलेला असतो. बाबांनाही हे माहीत आहे. त्यांनी फोनवर आधी विचारलं होतं, "वाण कोणतं?" मी सांगितलं. तरी पुढे ते वाक्य आलंच.

आबा_धरणगाव
मग "वाण कोणतं" हेही घाला. तोच शेतकऱ्याचा प्रश्न आहे.

रात्रपाळी
नको आबा, ओळ लांबते.

साक्रीची_सुमन
घाला. मला आवडलं. शेतकरी माणूस आधी वाण विचारणारच.

वेचणी
मी दोन्ही करून पाहिलं. "वाण" ठेवलं. रात्रपाळी, रागावू नका. आज संध्याकाळी टाकते. आत्ताचा ॲप्रनमधला फोटोही बदलला. हसून काढलेला होता, तो काढून टाकला. आता फक्त माझी चिमूट आहे, मनगटापर्यंत. मैत्रिणीने काढून दिली, आणि हो, थोडी धूसर आलीय.

जुनास्टुडिओ
तिला सांगा दोन वीत मागे सरकून काढ. की राहू दे तशीच. राहू द्या.

केळीवाला_रावेर
दोऱ्याने फोटो सुटला, आभार! लाल थोडा कमी केला, वडील हिरवे झाले नाहीत. मागे पेन्सिलने काहीतरी लिहिलेलं निघालं, इतकी वर्षं चिकटून होतं. आईचं अक्षर आहे. "सावदा स्टेशन. वॅगन आली नाही." एवढंच. मी याच्याखाली वेगळं काही लिहू का, की हेच टाकू?

रात्रपाळी
हेच टाका. आणि आता तुम्ही काय करता?

केळीवाला_रावेर
ट्रकची वाट बघतोय. खरंच. आत्ता, फडावर.